विक्री किती पडली तर धंदा तोट्यात जाईल? एका मेसचा पूर्ण हिशोब मांडून बघू

धंदा करणाऱ्या बहुतेकांना महिन्याला किती सुटतात ते साधारण माहीत असतं, पण समजा उद्या गिऱ्हाईक कमी झालं तर नेमकं किती कमी होईपर्यंत आपण तग धरू, हा आकडा विचारला तर समोरचा गप्प होतो. त्या आकड्यालाच मार्जिन ऑफ सेफ्टी म्हणतात. आत्ताची विक्री आणि ना नफा ना तोटा होईल तेवढी विक्री, या दोन्हीमधलं अंतर. (शेअरवाले लोक हाच शब्द स्वस्तात शेअर घेण्याबद्दल वापरतात, ते वेगळं, इथं आपण धंद्याच्या विक्रीबद्दलच बोलतोय.)

व्याख्या दोन ओळींची आहे पण खरं काम आहे ते आकडे बरोबर उचलण्याचं, आणि आलेली टक्केवारी कुठं खरी आणि कुठं खोटी ते ओळखण्याचं. म्हणून एकच धंदा घेऊन शेवटपर्यंत जाऊ. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ या भागात स्पर्धा परीक्षेची पोरं राहतात, त्यांच्यासाठी गल्लोगल्ली मेस आहेत, तशी एक मेस धरू. आकडे मी उदाहरणासाठी बसवलेत, हिशोब सोपा जावा म्हणून गोल केलेत, तुम्ही तुमचे टाका.

पहिलं काम: विक्री नक्की कशाला म्हणायचं

मेसमध्ये दोन प्रकारचं गिऱ्हाईक असतं. एक मेंबर, जो महिन्याचे ४,५०० रुपये आधी भरतो आणि दोन वेळ जेवतो. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद, म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात ५६ वेळा जेवण. ४,५०० भागिले ५६ म्हणजे ताटाला साधारण ८० रुपये पडतात. दुसरं रोजचं येणारं गिऱ्हाईक, जे येतं, १२० रुपये देतं, जेवतं आणि जातं.

आपल्या मेसमध्ये महिन्याला मेंबरांची ३,००० ताटं जातात, म्हणजे जवळपास ५४ मेंबर, आणि रोजच्या गिऱ्हाइकांची १,०००. एकूण ४,००० ताटं आणि विक्री २,४०,००० अधिक १,२०,००० म्हणजे ३,६०,००० रुपये. ताटामागे सरासरी ९० रुपये.

इथं तीन ठिकाणी गडबड होते. एक तर जीएसटी. बिलावर वेगळा लावून घेतलेला जीएसटी आपला पैसा नाहीये, तो विक्रीत धरायचा नाही, वरचे रेट मी तो सोडून धरलेत. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर मात्र गिऱ्हाइकाकडून टॅक्स घेता येत नाही, ५ टक्के आपल्याच खिशातून जातात आणि ते विक्रीबरोबर कमीजास्त होतात, मग ते खर्चात ताटामागे धरावे लागतात. दुसरं म्हणजे ॲडव्हान्स. २५ तारखेला नवीन मेंबरने ४,५०० भरले तर ते सगळे या महिन्याची विक्री नाहीत, पाच दिवसांचंच जेवण झालंय त्याचं, बाकीचं अजून आपण देणं लागतो. तिसरं खाडे. मेंबर चार दिवस गावाला गेला आणि तुम्ही त्याचे खाडे पुढच्या महिन्यात वळते करून देत असाल तर ती ताटं विकली गेली नाहीत असंच धरायचं. म्हणून सगळ्यात सरळ पद्धत म्हणजे ज्याचे पैसे लागले ते ताट मोजायचं, गल्ल्यातली रक्कम मोजून विक्री काढायची नाही.

दुसरं काम: खर्चाच्या दोन बाजू करणं

आता खर्च वेगळे करायचे. एक ताट जास्त गेलं तर जो खर्च वाढतो तो हलता, आणि ताट गेलं काय न गेलं काय, जो द्यावाच लागतो तो स्थिर.

हलता खर्च ताटामागे असा धरला: तांदूळ, डाळ, कणीक, तेल, मसाले असा किराणा २७ रुपये, भाजी-दूध-दही १५, गॅस ६, वाया जाणारं २, पार्सलच्या पिशव्या-डबे सरासरीने २, आणि साबण-पाणी, लाइटचा हलता भाग मिळून २. एकूण ५४ रुपये.

हा आकडा अंदाजाने काढायचा नाही. एका ताटात किती डाळ, किती तेल असं पातेल्यासमोर उभं राहून मोजलं तर नेहमी कमीच येतं, कारण पुन्हा घेतलेली भाजी, रविवारच्या फीस्टचं श्रीखंड, सांडलेलं, उरलेलं हे त्यात येतच नाही. त्यापेक्षा महिन्याच्या एक तारखेला घरात असलेला किराणा लिहा, त्यात महिनाभराची खरेदी मिळवा, शेवटच्या दिवशी उरलेला माल वजा करा, आणि आलेल्या रकमेला महिन्याच्या ताटांनी भागा. गॅसचंही तसंच, व्यावसायिक सिलेंडर किती संपले ते मोजा.

स्थिर खर्च महिन्याचा असा: जागेचं भाडं ३५,०००. आचाऱ्याचा पगार १८,०००, पोळ्या करणाऱ्या दोन मावशींचे ११,००० प्रमाणे २२,०००, वरकामाचा मुलगा ९,०००. मालकीणबाईंचा स्वतःचा पगार १५,०००. लाइटचा स्थिर भाग ३,०००. फ्रीज, भांडी, टेबलं यांचा घसारा २,५००. लोनचं व्याज २,०००. लायसन्स, हिशोबनीस, फोन वगैरे १,५००. बेरीज १,०८,००० रुपये.

यात मालकीणबाईंचा पगार बघून काही जण म्हणतील की स्वतःच्या धंद्यात कसला पगार. पण त्या पहाटेपासून राबतात, त्या नसत्या तर त्या जागी माणूस ठेवावाच लागला असता, आणि घर त्याच पैशावर चालतंय. तो पगार न धरता काढलेला हिशोब तुम्हाला सांगतो की धंदा नफ्यात आहे, जेव्हा प्रत्यक्षात तुम्ही फुकट राबताय. धराच.

पगाराबद्दल आणखी एक. पुस्तकात बऱ्याचदा मजुरी हलत्या खर्चात टाकलेली असते, पण मावशी महिन्याच्या पगारावर आहेत, आज ६० ताटं गेली म्हणून त्यांचा पगार कमी होत नाही. म्हणून इथं स्थिर. पोळीमागे पैसे देत असाल तर मात्र तो हलता. स्वतःला प्रश्न एकच विचारायचा, उद्या गिऱ्हाईक घटलं तर हा खर्च याच महिन्यात आपोआप घटेल का? नाही घटला तर स्थिर.

लाइटबिलासारखे काही खर्च अर्धे इकडचे अर्धे तिकडचे असतात. महावितरणच्या बिलात स्थिर आकार वेगळा असतोच, पण फ्रीजसुद्धा गिऱ्हाईक असो नसो चालूच असतो. यासाठी एक जुनी युक्ती आहे, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी ताटांचा महिना घ्यायचा. फेब्रुवारीत ४,२०० ताटं आणि बिल ७,२००, मे महिन्यात २,४०० ताटं आणि बिल ५,४००. ताटांचा फरक १,८००, बिलाचा फरकही १,८०० रुपये, म्हणजे ताटामागे १ रुपया हलता. ४,२०० ताटांचे ४,२०० रुपये ७,२०० मधून काढले की ३,००० स्थिर. फक्त एवढं लक्षात घ्या की मे महिन्यात उकाड्यामुळे पंखे आणि फ्रीज जास्त खातात, त्यामुळे कमी ताटांच्या महिन्याचं बिल फुगलेलं असतं आणि स्थिर भाग थोडा जास्तच दिसतो. एवढी चूक चालते, पण दोन महिन्यांच्या मध्ये वीजदर बदलला असेल तर ही पद्धत वापरू नका.

तिसरं काम: आकडा काढणं

ताटाला ९० येतात, ५४ जातात, उरतात ३६. हे ३६ रुपये म्हणजे नफा नाही बरं का, हे आधी भाडं, पगार, व्याज भागवायला जातात आणि ते सगळं भागलं की त्यानंतरच्या ताटाचे ३६ आपले. याला काँट्रिब्युशन म्हणतात, आपल्याकडे ९० मधले ३६ म्हणजे ४० टक्के.

१,०८,००० भागिले ३६ म्हणजे ३,००० ताटं. एवढ्या ताटांवर ना नफा ना तोटा, हा ब्रेक इव्हन, रुपयात २,७०,०००. आत्ता ४,००० ताटं जातायत, म्हणजे १,००० ताटांचं अंतर. ४,००० पैकी १,००० म्हणजे २५ टक्के. हे झालं मार्जिन ऑफ सेफ्टी. टक्का काढताना भागायचं ते आत्ताच्या विक्रीने, बरेच जण ब्रेक इव्हनने भागतात आणि मग ३३ टक्के येतात, ते चूक, कारण पडणार आहे ती आत्ताची विक्री.

एक्सेलमध्ये करायचं असेल तर B1 मध्ये ताटं, B2 मध्ये सरासरी दर, B3 मध्ये हलता खर्च, B4 मध्ये स्थिर खर्च भरा, आणि खालच्या चार ओळी B5 पासून क्रमाने टाका. पहिली ब्रेक इव्हनची ताटं देते, दुसरी सुरक्षेचं अंतर, तिसरी त्याचा हिस्सा (सेलला टक्क्याचा फॉरमॅट द्या), चौथी नफा.

```
=B4/(B2-B3)
=B1-B5
=B6/B1
=B6*(B2-B3)
```

चौथ्या ओळीत ३६,००० येतील. उलट्या बाजूने पडताळा करा: ४,००० गुणिले ३६ म्हणजे १,४४,०००, त्यातून १,०८,००० गेले, ३६,०००. जुळलं म्हणजे कुठं भागाकार चुकला नाही. हा आकडा तुमच्या खऱ्या नफ्याशी पण जुळवून बघा, वहीत नफा २०,००० दिसतोय आणि इथं ३६,००० येतायत तर कुठला तरी खर्च धरायचा राहिलाय, आणि बहुतेक वेळा तो हलत्यात सापडतो.

या २५ टक्क्यांचा अजून एक उपयोग आहे. १ भागिले ०.२५ म्हणजे ४. याचा अर्थ विक्री जेवढे टक्के हलेल त्याच्या चौपट टक्के नफा हलेल. ताटं १० टक्के घटून ३,६०० झाली तर १,२९,६०० मधून १,०८,००० जाऊन २१,६०० उरतात, ३६,००० च्या ४० टक्के कमी. थोडंसंच गिऱ्हाईक कमी झालं आणि महिनाअखेरीला हातात काहीच कसं उरलं नाही, असं जे वाटतं ते यामुळे. मार्जिन ऑफ सेफ्टी १० टक्के असेल तर हाच आकडा १० पट होतो.

चौथं काम: हे २५ टक्के कशा घसरणीला लागू आहेत ते बघणं

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे आणि नेमका इथंच लोक थांबतात. २५ टक्के आले, बरं वाटलं, वही बंद. पण हे २५ टक्के फक्त एकाच परिस्थितीत खरे आहेत: दर तोच, खर्च तोच, मेंबर आणि रोजचं गिऱ्हाईक यांचं प्रमाण तेच, आणि फक्त ताटं कमी झाली. खऱ्या आयुष्यात विक्री अशी नीट एका बाजूने पडत नाही.

समजा शेजारच्या गल्लीत नवीन मेस उघडली आणि तुम्ही सरसकट १० टक्के दर कमी केला, ९० चे ८१. आता विक्री ३,६०,००० वरून ३,२४,००० झाली, म्हणजे १० टक्केच पडली. पण ताटाचा किराणा काही १० टक्क्यांनी कमी झाला नाही, ५४ रुपये जातातच. उरतात २७. १,०८,००० भागिले २७ किती? बरोबर ४,०००. म्हणजे जेवढी ताटं विकताय तेवढाच ब्रेक इव्हन, नफा शून्य. ताटं कमी झाली असती तर २५ टक्क्यांपर्यंत तग धरला असता, दर कमी केला तर १० टक्क्यांतच सगळं संपलं. कारण ताट गेलं नाही तर त्याचे ५४ वाचतात, दर कमी केला तर काहीच वाचत नाही, पूर्ण रक्कम नफ्यातून जाते.

नुसत्या मेंबरांची फी ४,५०० ची ४,००० केली तरी ५४ मेंबर गुणिले ५०० म्हणजे २७,००० महिन्याला गेले, ३६,००० चे ९,००० उरले. ५०० रुपये ऐकायला थोडे वाटतात. त्यापेक्षा दर तसाच ठेवून १० मेंबर सोडून गेले असते तर? १० गुणिले ५६ ताटं, ताटाला ८० मधून ५४ गेले की २६ उरतात, म्हणजे १४,५६० चं नुकसान. दर कमी करून सगळे टिकवण्यापेक्षा १० मेंबर गमावणं जवळपास निम्म्या किमतीत पडलं. मी असं म्हणत नाही की दर कधीच कमी करू नका, मेंबर १० च जातील का ३० जातील हे तुम्हाला तुमच्या गल्लीतूनच कळणार, पण २७,००० भागिले एका मेंबरचे १,४५६ म्हणजे साडेअठरा, तर १९ पेक्षा कमी मेंबर जाणार असतील तर दर उतरवून तोटाच आहे, एवढा आकडा हातात ठेवून निर्णय घ्या.

आता प्रमाणाचं. मेंबरच्या ताटात २६ उरतात आणि रोजच्या गिऱ्हाइकाच्या ताटात १२० मधून ५४ गेले की ६६. सरासरी ३६ दिसते पण खाली ही दोन टोकं आहेत. समजा घसरण फक्त रोजच्या गिऱ्हाइकांची झाली, रस्ता खोदला, पार्किंग बंद झालं, काहीही. ३६,००० भागिले ६६ म्हणजे साधारण ५४५ ताटं गेली की नफा संपला. आणि घसरण फक्त मेंबरांची झाली तर ३६,००० भागिले २६, म्हणजे साधारण १,३८५ ताटं जाईपर्यंत वेळ आहे. एकाच मेसचा आकडा, पण कोण सोडून जातंय त्यावर एकदा ५४५ आणि एकदा १,३८५. म्हणून रजिस्टरमध्ये ताटांचे दोन रकाने असलेच पाहिजेत, नुसती एकूण संख्या बघून काही कळत नाही. एकूण ताटं ४,००० च्या ४,००० आहेत पण ३०० रोजची जाऊन ३०० मेंबरांची आलीत, तर १२,००० नफा कमी झालेला असतो आणि वहीत सगळं ठीक दिसतं.

तिसरी गोष्ट महागाई. ही विक्री पाडत नाही, ब्रेक इव्हनच वर उचलते. तेल, डाळ, गॅस मिळून ताटामागे ५ रुपये वाढले तर ३६ चे ३१ उरले, ब्रेक इव्हन ३,४८४ ताटं, अंतर ५१६ ताटांचं, म्हणजे १३ टक्क्यांच्या आत. गिऱ्हाईक एकही कमी झालं नाही तरी निम्मी सुरक्षितता गेली. ९ रुपये वाढले तर सगळीच. मेंबरांनी फी आधी भरलेली असते त्यामुळे महिन्याच्या मध्ये दर वाढवता पण येत नाही, पुढच्या महिन्याची वाट बघावी लागते.

पाचवं काम: वर्षाचा आकडा आणि हातातली रोकड

वरचं सगळं चांगल्या महिन्याचं झालं. पण मेस वर्षभर एकसारखी चालत नाही, मे महिन्यात आणि दिवाळीत पोरं गावी जातात. आपल्या मेसचं वर्ष असं धरू: आठ महिने सरासरी ४,००० ताटं, दोन महिने ३,४००, दिवाळीचा महिना २,८०० आणि मे २,४००. एकूण ४४,०००. वर्षाचा ब्रेक इव्हन १२ गुणिले ३,००० म्हणजे ३६,०००. अंतर ८,०००, म्हणजे १८ टक्के. चांगल्या महिन्यात २५ दिसणारं मार्जिन वर्षाचं बघितलं की १८ वर आलं, आणि निर्णय घ्यायचा तो या १८ वर. कोणी तुम्हाला जागा वाढवायला किंवा नवीन लोन घ्यायला सांगत असेल तर फेब्रुवारीचा आकडा काढून दाखवू नका.

मे महिन्यात २,४०० ताटांचे ८६,४०० येतात आणि १,०८,००० जातात, २१,६०० चा तोटा. हा तोटा अपेक्षितच आहे, याच्यामुळे घाबरून दर पाडायची गरज नाही. काही मेसवाले मे महिन्यात एका मावशीला बिनपगारी सुट्टी देतात, त्यांनाही गावी जायचं असतं, त्याने स्थिर खर्च ९७,००० वर येतो आणि ब्रेक इव्हन २,६९५ ताटांवर. उपयोग होतो, पण जूनमध्ये त्या परत येतील याची खात्री असेल तरच, चांगल्या पोळ्या करणारी मावशी दुसऱ्या मेसने उचलली तर मेंबर टिकवणं अवघड जातं.

खरा धोका मे महिन्याच्या रोकडीत आहे. दोन गोष्टी ब्रेक इव्हनच्या हिशोबात नसतात. एक, लोनच्या हप्त्यातलं मुद्दल, समजा ७,०००. व्याज खर्च आहे म्हणून धरलं, मुद्दल खर्च नाही पण खिशातून जातंच. उलट घसारा २,५०० धरलाय पण तो कोणाला द्यायचा नसतो. म्हणून रोकडीचा स्थिर आकडा १,०८,००० वजा २,५०० अधिक ७,०००, म्हणजे १,१२,५००, आणि रोकडीचा ब्रेक इव्हन ३,१२५ ताटं.

दुसरी गोष्ट उधारी. किराणावाला महिन्याची उधारी देतो, एप्रिलचं बिल मे महिन्यात. एप्रिलमध्ये ४,००० ताटं गेली, किराणा १,०८,००० चा. आता मे महिन्याचं गणित बघा. येणार २,४०० गुणिले ९० म्हणजे २,१६,०००. जाणार: एप्रिलचा किराणा १,०८,०००, मे महिन्याची भाजी-गॅस वगैरे ताटामागे २७ ने ६४,८००, आणि स्थिर १,१२,५००. एकूण २,८५,३००. ६९,३०० रुपये कमी पडले! वहीत तोटा २१,६०० चा आणि गल्ल्यात खड्डा ६९,३०० चा. विक्री पडत असताना जुनं मोठं बिल आणि नवीन छोटी कमाई एकाच महिन्यात समोरासमोर येतात, त्यामुळे असं होतं. जूनमध्ये हेच उलटं फिरतं कारण तेव्हा मे महिन्याचा लहान किराणा द्यायचा असतो, पण जूनपर्यंत पोचायला ६९,३०० बाजूला असायला हवेत. चांगल्या आठ महिन्यांत दर महिन्याला साधारण ९,००० वेगळ्या खात्यात टाकले तर हे भागतं, म्हणजे ३६,००० मधले २७,००० च उरले समजायचे, आणि मुद्दलही त्यातूनच जाणार.

मग किती टक्के पुरेसे?

अमुक टक्के म्हणजे सुरक्षित असा सगळ्यांना लागू होणारा आकडा नाही, आणि कुणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका. तुलना करायची ती तुमच्याच रजिस्टरशी. मागच्या दोन-तीन वर्षांत सीझन सोडून सगळ्यात वाईट घसरण किती झाली होती ते शोधा. भरती किंवा परीक्षा पुढे ढकलली गेली आणि पोरं गावी गेली, समोर नवीन मेस आली, आचारी सोडून गेला, अशा वेळी ताटं किती टक्के पडली? ती १५ टक्के पडली असतील आणि तुमचं वर्षाचं मार्जिन १८ असेल तर काठावर आहात. मार्च २०२० सारखं सगळंच बंद पडलं तर कुठलंच मार्जिन पुरत नाही, तिथं भाडं, हप्ता आणि घरखर्च किती महिने भागेल एवढी रोकड हाच हिशोब.

मार्जिन वाढवायचं तर तीन जागा आहेत. स्थिर खर्च कमी करणं, ताटामागचे उरणारे पैसे वाढवणं, किंवा ताटं वाढवणं. आपल्या मेसमध्ये भाड्यात ३,६०० कमी झाले तर ब्रेक इव्हन १०० ताटांनी खाली येतो, म्हणजे वर्षाला १,२०० ताटं. वाया जाणारं आणि किराणा मिळून ताटामागे २ रुपये वाचले तर ३८ उरतात आणि ब्रेक इव्हन २,८४३ वर येतो. मी असतो तर इथूनच सुरुवात केली असती, कारण यात घरमालकाला किंवा गिऱ्हाइकाला काही विचारावं लागत नाही, मेंबरांकडून सकाळी दहापर्यंत खाड्याचा मेसेज घ्यायची शिस्त लावली तरी उरणारी भाजी कमी होते. रोजचं गिऱ्हाईक वाढवणं तिसरं, त्यात एका ताटाला ६६ उरतात, पण त्यासाठी टेबल मोकळं लागतं आणि ते जेवायच्या वेळीच मेंबरांनी भरलेलं असतं, ही मर्यादा आहे.

रोज बघायचा आकडा

हे सगळं महिनाअखेरीला कळून उपयोग नाही. ३,००० ताटं भागिले महिन्याच्या ५६ वेळा म्हणजे ५३.६, म्हणजे एका वेळेला ५४ ताटं. हा आकडा स्वयंपाकघरात रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि त्याच्या शेजारी आत्ताचा सरासरी आकडा, ७१. एखाद्या वेळी ५० ताटं गेली तर काही नाही, पाऊस असेल, मॅच असेल. पण आठवड्याच्या १४ वेळांपैकी एक बंद, उरलेल्या १३ वेळांची सरासरी सलग दोन आठवडे ६० च्या खाली आली, आणि मे-दिवाळी नाहीये, तर त्याच आठवड्यात दोन रकाने उघडून बघा की मेंबर घटलेत का रोजचे. रोजचे घटले असतील तर वेळ कमी आहे, वर बघितलं तसं ५४५ ताटांतच नफा संपतो, म्हणजे वेळेला जेमतेम १० ताटं.

आणि ताटामागचे ५४ रुपये दर तीन महिन्यांनी नव्याने काढा, शिल्लक माल मोजून, त्याच पद्धतीने. दिवाळीपूर्वी तेल-डाळीचे भाव हलले असतील तर तेव्हा एकदा जास्तीचं काढा. जुन्या ५४ रुपयांवर बसवलेला ५४ ताटांचा आकडा तोपर्यंत बदललेला असतो, खर्च ५९ झाला असेल तर ३,४८४ भागिले ५६ म्हणजे वेळेला ६३ ताटं लागतात, आणि तुम्ही अजून जुन्या आकड्याकडे बघून निवांत असता.